सतत चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपची बॅटरी : नेमकं काय बिघडतं आणि आपण काय करायचं?

शाळेच्या कार्यालयात किंवा घरी मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर जो लॅपटॉप असतो, तो नावाला लॅपटॉप असतो. सकाळी पिन लावली की संध्याकाळपर्यंत ती निघत नाही. बोर्डाचं बटण तर सुट्टीच्या दिवशीही चालूच राहतं. मग एक दिवस युडायस प्लसची माहिती भरताना लाईट जाते, लॅपटॉप वीस मिनिटांत बंद पडतो आणि भरलेली पानं पुन्हा भरावी लागतात. "बॅटरी तर आपण कधी वापरलीच नाही, मग खराब कशी झाली?" असा प्रश्न तेव्हा पडतो. या प्रश्नाचं उत्तर समजलं की बॅटरी जपण्याच्या सवयी पाठ करायची गरज राहत नाही. त्या आपोआप सुचतात.

१. सतत चार्जिंगमुळे बॅटरी 'जास्त भरते' का?

नाही. आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते आणि तिच्यासोबत चार्जिंगवर लक्ष ठेवणारं सर्किट असतं. बॅटरी पूर्ण भरली की हे सर्किट चार्जिंग थांबवतं. त्यानंतर लॅपटॉप थेट अडॅप्टरच्या विजेवर चालतो. त्यामुळे 'ओव्हरचार्ज' होऊन बॅटरी जळते ही भीती चांगल्या स्थितीतल्या लॅपटॉपला लागू होत नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे. बॅटरीला भरल्या अवस्थेत बसून राहणं मानवत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा तिच्या आतल्या प्रत्येक सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सर्वात जास्त असतो. बहुतेक सेलमध्ये तो ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडा जास्त असतो. इतक्या दाबाखाली सेलमधला द्रव, ज्याला आपण विज्ञानात इलेक्ट्रोलाइट म्हणतो, तो हळूहळू विघटित होत राहतो. त्यातून तयार झालेला थर इलेक्ट्रोडवर साचतो. वीज साठवण्याच्या कामी येणारं थोडं लिथियम या थरात अडकून पडतं आणि ते पुन्हा वापरता येत नाही. स्वयंपाकघरातल्या पाईपमध्ये क्षार साचून धार बारीक व्हावी, तसंच हे आहे. थर एका दिवसात दिसत नाही, पण साचायचा थांबतही नाही.

या क्रियेला वेग देणारी दुसरी गोष्ट म्हणजे उष्णता. बहुतेक रासायनिक क्रिया तापमान वाढलं की वेगाने होतात, हे आपण शाळेत शिकवतो. बॅटरीही त्याला अपवाद नाही.

बॅटरी युनिव्हर्सिटी या अभ्यास-संकेतस्थळावर याचे चार आकडे दिलेले आहेत. लिथियम-आयन बॅटरी वर्षभर नुसती ठेवून दिली, तर वर्षाअखेर तिची क्षमता साधारण एवढी उरते :

- २५ अंश तापमान, ४० टक्के भरलेली : ९६ टक्के
- २५ अंश तापमान, पूर्ण भरलेली : ८० टक्के
- ४० अंश तापमान, ४० टक्के भरलेली : ८५ टक्के
- ४० अंश तापमान, पूर्ण भरलेली : ६५ टक्के

हे आकडे प्रत्येक लॅपटॉपला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण त्यांची दिशा लक्षात घ्या. एकही चार्ज-डिस्चार्ज न करता, फक्त 'भरलेली आणि गरम' राहिल्यामुळे बॅटरीचा तिसरा हिस्सा जाऊ शकतो. चालू लॅपटॉपच्या पोटात ४० अंश तापमान ही काही विशेष गोष्ट नाही. विदर्भातल्या मे महिन्यात तर बंद खोलीतही तेवढं असतं.

म्हणजे आपल्या प्रश्नाचं उत्तर असं : बॅटरी वापरली नाही म्हणून वाचली असं होत नाही. ती रोज चोवीस तास शंभर टक्क्यांवर बसून होती, आणि त्यामुळेच ती म्हातारी झाली.

२. आधी आपल्या बॅटरीची तब्येत पाहू

विंडोजमध्ये यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. स्टार्टवर क्लिक करून `cmd` टाइप करा, एंटर दाबा आणि उघडलेल्या काळ्या खिडकीत ही ओळ लिहून पुन्हा एंटर दाबा :

```
powercfg /batteryreport
```

रिपोर्ट कुठे सेव्ह झाला तो पत्ता खालच्या ओळीत दिसतो. ती `battery-report.html` नावाची फाईल असते. ती ब्राउझरमध्ये उघडा. पान लांबलचक आहे, पण आपल्याला सुरुवातीच्या `Installed batteries` या भागातले दोनच आकडे हवेत. `DESIGN CAPACITY` म्हणजे बॅटरी नवीन असताना किती वीज साठवायची, आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आज पूर्ण भरल्यावर किती साठवते.

समजा, शाळेच्या कार्यालयातल्या तीन वर्षं जुन्या लॅपटॉपचा रिपोर्ट असा आला :

```
DESIGN CAPACITY         41,000 mWh
FULL CHARGE CAPACITY    29,520 mWh
```

mWh म्हणजे मिलीवॉट-तास. २९,५२० भागिले ४१,००० गुणिले १००, म्हणजे ७२ टक्के. या बॅटरीने २८ टक्के क्षमता गमावली आहे. स्क्रीनवर मात्र ती अजूनही '100%' असंच दाखवते, कारण तो आकडा आजच्या क्षमतेचा असतो. लहान झालेला तांब्यासुद्धा काठोकाठ भरला की 'भरला' असंच आपण म्हणतो ना, तसं.

आता याचा अर्थ वेळेत काढू. वर्ड, ब्राउझर आणि मध्यम प्रकाशाची स्क्रीन एवढं चालू असताना हा लॅपटॉप १२ वॉट वीज घेतो असं धरा. नवी बॅटरी ४१ वॉट-तासांची होती, ती जवळजवळ तीन तास पंचवीस मिनिटं चालायची. आता २९.५ वॉट-तास उरले, म्हणजे साधारण अडीच तास. लाईट दोन तास जाणार असेल तर हा लॅपटॉप अजून तरी निभावून नेईल.

याच रिपोर्टमध्ये खाली `Battery capacity history` नावाचा तक्ता असतो. त्यात जुन्या तारखांना क्षमता किती होती ते दिसतं. आकडा हळूहळू उतरत असेल तर ते वयोमानानुसार झालेलं आहे. एका आठवड्यात तो एकदम खूप खाली आला असेल तर लगेच घाबरू नका. कधी कधी बॅटरी आपला अंदाज नव्याने दुरुस्त करते, तेव्हाही असं दिसतं. आजची तारीख आणि टक्केवारी लॅपटॉपच्या फाईलमध्ये लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा हीच ओळ चालवली की आपल्या सवयींचा उपयोग झाला की नाही ते कळेल.

३. मुख्य उपाय : ८० टक्क्यांवर थांबवणं

लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावरच असणार असेल, तर बॅटरीला शंभरपर्यंत जाऊच द्यायचं नाही. बहुतेक कंपन्यांनी ही सोय आता लॅपटॉपमध्येच दिलेली आहे. फक्त ती खरेदीच्या वेळी बऱ्याचदा बंद असते आणि तिची नावं वेगवेगळी आहेत.

- लेनोवो : `Lenovo Vantage` ॲपमध्ये पॉवरच्या भागात `Conservation mode` चालू करा. थिंकपॅडमध्ये याऐवजी `Battery charge threshold` असतं, त्यात किती टक्क्यांवर थांबायचं ते आपण ठरवू शकतो.
- असूस : `MyASUS` ॲपमध्ये `Battery Health Charging` शोधा.
- एसर : `Acer Care Center` किंवा नव्या मॉडेलमध्ये `AcerSense` यात बॅटरीची चार्जिंग मर्यादा मिळते.
- डेल : लॅपटॉप सुरू होताना F2 दाबून बायोसमध्ये जा. बॅटरी चार्जिंगच्या सेटिंगमध्ये `Primarily AC Use` निवडा. `Custom` निवडलं तर कुठे सुरू व्हायचं आणि कुठे थांबायचं हे दोन्ही आकडे देता येतात.
- एचपी : सुरू होताना F10 दाबून बायोसमध्ये `Battery Health Manager` शोधा आणि `Maximize my battery health` निवडा. घरगुती वापराच्या काही मॉडेलमध्ये `Adaptive Battery Optimizer` असतं, ते स्वतःच परिस्थिती पाहून मर्यादा लावतं.

मॉडेल आणि आवृत्तीनुसार मेनूची जागा बदलते. काही जुन्या लॅपटॉपमध्ये मर्यादा ८० ऐवजी ६० टक्क्यांची असते. बायोसमध्ये गेल्यावर आपल्याला हवी तेवढीच एक ओळ बदला आणि सेव्ह करून बाहेर या. इतर काही हलवू नका.

मर्यादा लागल्यावर पिन लावलेली असूनही लॅपटॉप ८० टक्क्यांवर थांबतो आणि 'चार्ज होत नाही' अशा अर्थाचा संदेश दाखवू शकतो. हा बिघाड नाही. कार्यालयातल्या दुसऱ्या कुणी हे पाहून नवा अडॅप्टर मागवू नये, म्हणून लॅपटॉपवर एक छोटी चिठ्ठी चिकटवा : "चार्जिंग ८०% वर मुद्दाम थांबवलं आहे."

आता पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "म्हणजे मी विकत घेतलेल्या बॅटरीतला वीस टक्के भाग वापरायचाच नाही? मग फायदा काय?" वरचंच उदाहरण पुन्हा घेऊ. ४१ वॉट-तासांच्या नव्या बॅटरीचे ८० टक्के म्हणजे ३२.८ वॉट-तास. १२ वॉटच्या हिशेबाने पावणेतीन तास. आणि सतत शंभरवर ठेवून दमलेली आपली बॅटरी पूर्ण भरूनही २९.५ वॉट-तासच देते. म्हणजे ते वीस टक्के आपण हातात ठेवले नाहीत तरी ते तसेच झिजून जाणार होते. मर्यादा लावली तर निदान हवे तेव्हा ते परत मागता येतात.

हवे तेव्हा म्हणजे कधी? महावितरणचा देखभालीसाठी वीजपुरवठा बंद राहण्याचा मेसेज आला, किंवा लॅपटॉप प्रशिक्षणाला घेऊन जायचा आहे, तर आदल्या दिवशी मर्यादा काढा, शंभर टक्के भरा, काम झालं की पुन्हा मर्यादा लावा. महिन्यातून एक-दोन दिवस शंभरवर गेल्याने काही बिघडत नाही. रोज चोवीस तास शंभरवर राहण्याने बिघडतं. ज्या गावात रोजच दोन-तीन तास लाईट जाते आणि ती कधी जाईल ते सांगता येत नाही, तिथे मात्र मर्यादा लावू नका. तिथे बॅटरी आपलं खरं काम रोज करते आहे, आणि ती शंभरवर बसूनही राहत नाही.

मर्यादा लावलेल्या बॅटरीसाठी एक छोटं काम दोन-तीन महिन्यांतून एकदा करावं. मर्यादा काढून ती पूर्ण भरू द्यावी, मग पिन काढून १०-१५ टक्क्यांपर्यंत सलग वापरावी आणि पुन्हा भरावी. याने बॅटरीची ताकद वाढत नाही. फक्त टक्केवारीचा अंदाज बरोबर राहतो, नाहीतर ३० टक्के दाखवत असतानाच लॅपटॉप अचानक बंद पडतो. 'बॅटरी रोज पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. लिथियम-आयनला तो लावला तर उलट तिचं आयुष्य लवकर खर्च होतं.

४. मर्यादेची सोयच नसेल तर?

जुन्या किंवा स्वस्त मॉडेलमध्ये ही सोय नसते. मग एक साधा हिशेब करू. आठवड्यात १६८ तास असतात. शाळेचा लॅपटॉप त्यातले फार तर ४० तास चालू असतो. उरलेले १२८ तास तो नुसता पडून असतो. बटण चालू राहिलं तर हे सगळे तास बॅटरी भरलेल्या अवस्थेत काढते.

म्हणून आपण दिवसाकडे नाही, रात्रीकडे लक्ष द्यायचं. शाळा पाचला सुटत असेल तर चार वाजता पिन काढा आणि शेवटचा तास बॅटरीवर काम करा. आपल्या उदाहरणातल्या लॅपटॉपची बॅटरी नवी असताना एका तासात ४१ पैकी १२ वॉट-तास खर्च होतात, म्हणजे ती ७० टक्क्यांच्या आसपास येते. आज ती आणखी थोडी खाली, ६० टक्क्यांच्या जवळ जाईल. तशीच शट डाऊन करा, पिन आणि बटण दोन्ही बंद ठेवून घरी जा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचे अठरा तास, आणि शनिवारी दुपारपासून सोमवारपर्यंतचा सगळा वेळ, बॅटरीने आरामाच्या अवस्थेत काढला.

दिवसा मात्र सारखी पिन काढ-घाल करू नका. शंभर झालं की काढा, वीसवर आलं की लावा, असं दिवसभर केलं तर रोजची चार्जिंगची फेरी, म्हणजे सायकल, विनाकारण वाढते. या फेऱ्याही मोजक्याच असतात.

जुन्या लॅपटॉपची बॅटरी बाहेर काढता येते म्हणून काही जण ती काढून कपाटात ठेवतात. त्यात धोका आहे. लाईट गेली की त्या क्षणी लॅपटॉप बंद होतो आणि सेव्ह न केलेलं काम जातं. लॅपटॉपची बॅटरी हा आपला फुकटचा इन्व्हर्टर आहे, तो बसवलेलाच बरा.

५. उष्णता : टेबलावरची जागा तपासा

लॅपटॉपच्या खालच्या किंवा बाजूच्या जाळीतून पंखा हवा खेळवतो. गादी, उशी, टेबलावर अंथरलेला जाड कपडा, किंवा रजिस्टरांचा गठ्ठा यामुळे ती जाळी बंद होते. घरी मूल पलंगावर लॅपटॉप ठेवून, पिन लावून दोन तास व्हिडिओ पाहतं तेव्हा पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता हे दोन्ही शत्रू एकत्र येतात. कडक सपाट जागा, निदान एक लाकडी पाट, एवढ्याने मोठा फरक पडतो. पत्र्याच्या छताच्या संगणक कक्षात लॅपटॉप खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवा आणि वर्षातून एकदा जाळीतली धूळ माहीतगाराकडून काढून घ्या. पंखा सतत मोठ्याने घोंघावत असेल तर ती धुळीची खूण असू शकते.

उन्हाळी सुट्टीत लॅपटॉप कपाटात जाणार असेल तर तो साधारण ५० टक्के चार्ज करून, पूर्ण शट डाऊन करून, पिन काढून ठेवा. शून्यावर ठेवू नका. शून्यावरची बॅटरी आणखी उतरत जाते आणि एका मर्यादेखाली गेली की तिचं संरक्षक सर्किट तिला कायमचं बंद करू शकतं. सुट्टी संपल्यावर 'लॅपटॉप चार्जच होत नाही' ही तक्रार पुष्कळदा यातूनच येते.

६. फुगलेली बॅटरी कशी ओळखायची?

सतत भरलेली आणि गरम राहिलेली बॅटरी कधी कधी आत वायू तयार झाल्याने फुगते. ती लॅपटॉपच्या पोटात असल्याने दिसत नाही, पण खुणा बाहेर दिसतात. टचपॅड वर उचलला जातो किंवा दाबला तरी क्लिक होत नाही. सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो. झाकण नीट बंद होत नाही, किंवा कडेला फट दिसते.

यातलं काहीही दिसलं तर आपले सवयींचे उपाय थांबले. लॅपटॉप बंद करा, पिन काढा, पुन्हा चार्जिंगला लावू नका. तो भाग दाबून बसवायचा किंवा टोचायचा प्रयत्न करू नका, कारण त्यातून आग लागू शकते. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरमधून बॅटरी बदलून घ्या. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती सर्व्हिस सेंटरलाच किंवा ई-कचरा केंद्रात द्या.

फुगलेली नाही, पण क्षमता ५० टक्क्यांच्या खाली गेली आहे, अशी बॅटरी कोणत्याही सवयीने पुन्हा तरुण होत नाही. साचलेला थर निघत नाही. ती बदलायची, आणि नव्या बॅटरीला पहिल्या दिवसापासून मर्यादा लावायची.

वर्गासाठी उपक्रम (इयत्ता सातवी-आठवी, शेकडेवारी)

शाळेतल्या दोन-तीन लॅपटॉपचे रिपोर्ट काढून दोन आकडे फळ्यावर लिहा. विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्न सोडवावेत :

१. प्रत्येक बॅटरीची उरलेली क्षमता किती टक्के आहे?
२. लॅपटॉप १२ वॉट वीज घेत असेल, तर प्रत्येक बॅटरी आज किती तास चालेल?
३. ८० टक्के मर्यादा लावली तर किती तास चालेल?
४. कोणता लॅपटॉप जास्त वेळ पिन लावून ठेवलेला असतो? त्याचा आणि उरलेल्या क्षमतेचा काही संबंध दिसतो का? लॅपटॉपचं वय सारखं नसेल तर हा निष्कर्ष काढता येईल का?

शेवटच्या प्रश्नावर मुलांना वाद घालू द्या. तुलना करताना बाकीच्या गोष्टी सारख्या हव्यात, हे प्रयोगाचं मूळ तत्त्व त्यातून त्यांच्याच तोंडून येतं.